यंत्र कुठे अडखळलं, ते आधी बघा

तासाभराच्या मुलाखतीतून पाऊण मिनिटाची क्लिप काढायची असेल, तर हल्ली एडिटर ती मुलाखत आधी ऐकत नाही, वाचतो. रेकॉर्डिंग संगणकाला दिलं की काही मिनिटांत त्याचा लेखी मजकूर, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, हातात येतो. प्रत्येक वाक्यापुढे त्याची वेळ लिहिलेली असते. चांगलं वाक्य दिसलं की खूण करायची आणि तेवढा तुकडा टाइमलाइनवर ओढायचा. वाचणं हे ऐकण्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं होतं, म्हणून पॉडकास्ट करणाऱ्यांपासून बातमीकक्षापर्यंत ही रीत रुळली आहे.

अडचण अशी, की हा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखाच नीटनेटका दिसतो. वक्ता माइकजवळ बसून सावकाश बोलत होता तिथेही स्वल्पविराम जागच्या जागी, आणि बाहेरून ट्रॅक्टर जात असताना दोघं एकदम बोलत होते तिथेही तसेच. माणसानं ऐकून उतरवून घेतलं असतं, तर अशा ठिकाणी त्यानं ‘इथे नीट ऐकू येत नाही’ अशी नोंद केली असती. यंत्र मजकुरात तसं काही लिहीत नाही. त्याला शंका आलेली असते, ती आकड्यांत नोंदलेलीही असते. पण ते आकडे वेगळ्या फाइलमध्ये पडून राहतात आणि बहुतेक जण ती फाइल कधी उघडतच नाहीत. क्लिप निवडण्याआधी ती उघडली, तर कोणत्या ओळींवर विसंबायचं आणि कोणत्या ओळी आधी कानानं तपासायच्या, याचा नकाशाच हाती येतो.

आकडा नेमका कशाचा?

बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या बहुतेक प्रणाली असे आकडे देतात. इथे उदाहरणादाखल व्हिस्पर घेऊ. ओपनएआय कंपनीनं सप्टेंबर 2022 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ते घरच्या संगणकावर फुकट चालवता येतं आणि मराठीही उतरवतं. ध्वनी ते 30 सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं आणि मजकूर शब्दांच्या लहान लहान तुकड्यांनी लिहीत जातं. पुढचा तुकडा लिहिताना त्याच्यासमोर शक्यतांची यादी असते: हा अमुक असण्याची शक्यता 0.80, तो तमुक असण्याची 0.12, बाकीचे उरलेल्यात. सहसा यादीतला सर्वांत वरचा तुकडा लिहिला जातो आणि त्याची शक्यता नोंदवली जाते. तीच त्याची खात्री.

म्हणजे हा आकडा ‘मी लिहिलेलं बरोबर आहे’ असं सांगत नाही. ‘इतर पर्यायांच्या तुलनेत हा पर्याय मला किती पटला’ एवढंच सांगतो. या दोन गोष्टी बऱ्याचदा जोडीनं चालतात, नेहमी नाही. आजची न्यूरल जाळी स्वतःच्या उत्तराबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्री दाखवतात, हे 2017 पासून संशोधनात चांगलं नोंदलेलं आहे. त्यामुळे 0.9 हा आकडा वाचून ‘दहात नऊ वेळा बरोबर’ असा अर्थ काढू नये. त्याचा उपयोग तुलनेपुरता: एकाच रेकॉर्डिंगमध्ये 0.9च्या शब्दांपेक्षा 0.4चे शब्द जास्त वेळा चुकलेले सापडतात, आणि आपल्या कामाला तेवढं पुरतं.

शब्दागणिक आकडा हवा असेल तर तो मुद्दाम मागावा लागतो:

```
whisper mulakhat.wav --language mr --model large-v3 --word_timestamps True --output_format json
```

निघालेल्या फाइलमधली प्रत्येक शब्दाची नोंद उलगडल्यावर अशी दिसते:

```
{"word": " ठेवला", "start": 1274.6, "end": 1275.02, "probability": 0.58}
```

सुरुवात, शेवट आणि खात्री. या तीन आकड्यांवरच पुढचं सगळं काम उभं आहे.

ओळीचा आकडा फसवतो

त्याच फाइलमध्ये प्रत्येक ओळीसाठीही एक आकडा असतो, `avg_logprob`. पहिल्यांदा फाइल उघडणारा सहसा यावरच नजर ठेवतो, कारण शब्द हजारो असतात आणि ओळी काहीशे. हा आकडा ऋण असतो. शून्याच्या जितका जवळ तितकी खात्री जास्त. –0.2 म्हणजे सरासरी शक्यता साधारण 0.82, –1.0 म्हणजे साधारण 0.37. व्हिस्पर स्वतः –1.0च्या खाली गेलेला तुकडा फसला असं मानतं आणि तो पुन्हा उतरवून बघतं.

पण हा आकडा त्या ओळीचा नसतोच. तो ती ओळ ज्या 30 सेकंदांच्या तुकड्यात आली, त्या संपूर्ण तुकड्याच्या सरासरीचा असतो आणि तुकड्यातल्या सगळ्या ओळींना तोच चिकटवलेला असतो. फाइलमध्ये लागोपाठच्या पाच-सहा ओळींपुढे शेवटच्या दशांशापर्यंत एकच आकडा दिसतो, तो यामुळे. अर्ध्या मिनिटात सव्वीस सेकंद स्वच्छ आणि चार सेकंद गोंधळाचे असले, तर ते चार सेकंद सरासरीत बुडून जातात. क्लिपचा गाभा मात्र नेमका चार सेकंदांचाच असतो. म्हणून ओळीचा आकडा फारच वाईट असेल तर सावध व्हावं, पण चांगला असेल तर निश्चिंत होऊ नये. तपासणी शब्दांच्या पातळीवरच करायची.

मराठीचे स्वतःचे नखरे

शब्दाच्या पातळीवर उतरलो, की इंग्रजीसाठी सांगितलेल्या मर्यादा मराठीला जशाच्या तशा लावता येत नाहीत हे लक्षात येतं. आपण बोलताना ‘काम झालं’ म्हणतो. लिहिताना कुणी ‘झालं’ लिहितो, कुणी ‘झाले’. यंत्रानं ज्या मजकुरावर शिक्षण घेतलं त्यात दोन्ही रूपं भरपूर आहेत. त्यामुळे शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला तरी त्याची मतं दोन स्पेलिंगांत वाटली जातात आणि निवडलेल्या रूपाला 0.5 वगैरे आकडा मिळतो. ‘केलं-केले’, ‘दोनशे’ की ‘200’, ‘पॉडकास्ट’ की ‘पोडकास्ट’, सगळ्यांची हीच गत. ऐकण्यात इथे काहीच चुकलेलं नसतं. यंत्राला शुद्धलेखनाची शंका आलेली असते.

दुसरा प्रकार उलट्या दिशेचा. व्हिस्परच्या शब्दसंग्रहात तयार देवनागरी शब्द फार थोडे असल्यानं एक मराठी शब्द अनेक बारीक तुकड्यांनी लिहिला जातो. सुरुवातीच्या तुकड्यावर शंका असली, तरी तो एकदा ठरला की पुढचे तुकडे जवळजवळ आपोआप येतात आणि त्यांची खात्री भरघोस असते. शब्दाचा आकडा या सगळ्या तुकड्यांची सरासरी असल्यामुळे पहिली शंका त्यात पातळ होते. लांबलचक मराठी शब्दाचा 0.65 हा आकडा म्हणूनच वाटतो त्यापेक्षा चिंतेचा असू शकतो.

या दोन्हींतून एक कामाचा नियम निघतो. आजूबाजूचे शब्द पक्के आणि मध्येच एक शब्द कच्चा असेल, तर बहुधा स्पेलिंगची किंवा एखाद्या नावाची शंका असते. लागोपाठ दोन-तीन शब्द घसरले असतील, तर बहुधा ऐकण्यातच गडबड झालेली असते. म्हणून एकेका शब्दाला खूण करत बसण्याऐवजी पाच-पाच शब्दांची चौकट मजकुरावरून एकेक शब्द पुढे सरकवत न्यायची आणि चौकटीची सरासरी ठरावीक मर्यादेखाली गेली की तो भाग रंगवायचा.

आणखी एका आकड्याकडे मराठीत जपून बघावं लागतं. यंत्र कधीकधी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत बसतं. ते पकडण्यासाठी व्हिस्पर मजकूर दाबून किती लहान होतो हे मोजतं, `compression_ratio` 2.4च्या वर गेला की घोळणं सुरू झालं असं समजतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटनी साठवलं जातं आणि त्यातली पहिली बाइट सगळ्यांची एकच असते. त्यामुळे साधा, पुनरुक्ती नसलेला मराठी मजकूरही चांगलाच दबतो आणि हा आकडा विनाकारण वर जातो. तो एकटा पाहून ओळ बाद करू नये. वाक्य खरोखर घोळलं आहे का, ते डोळ्यांनी लगेच दिसतं.

एक क्लिप, तीन चुका

आता हे एका नमुन्यावर चालवून बघू. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा उत्पादकाची 48 मिनिटांची मुलाखत आहे. पत्र्याच्या शेडमध्ये बसून, एकाच माइकवर घेतलेली. नमुना आणि त्यातले आकडे मी रचलेले आहेत; चुका मात्र मराठी मुलाखतींत सहज होऊ शकतात अशाच आहेत. ट्रान्सक्रिप्ट वाचता वाचता एडिटर एका जागी थांबतो:

‘त्या वर्षी साठ क्विंटल कांदा निघाला. भाव पडला म्हणून मी शाळेत ठेवला, व्यापाऱ्याला दिला. पुढं मुलाच्या फीला तोच कामी आला.’

शाळेत कांदा ठेवला हे जरा विचित्र वाटतं, पण गावाकडे काय सांगावं, कदाचित शाळेची खोली रिकामी असेल. बाकी गोष्ट छान आहे: भरपूर पीक, अडचण, त्यातून वाट. ओळीपुढचा `avg_logprob` –0.24 आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. क्लिप निवडली जाते.

शब्दांचे आकडे काय म्हणतात? ‘म्हणून’ 0.98, ‘मी’ 0.96, ‘शाळेत’ 0.31, ‘ठेवला’ 0.58, ‘व्यापाऱ्याला’ 0.62, ‘दिला’ 0.88, ‘पुढं’ 0.90. पाच शब्दांची चौकट सरकवली, तर ‘म्हणून’पासूनची सरासरी 0.69, ‘मी’पासूनची 0.67 आणि ‘शाळेत’पासूनची 0.66 येते. मर्यादा 0.7 ठेवली असेल तर या तिन्ही चौकटी रंगतात आणि त्या एकमेकींना लागून असल्यानं ‘म्हणून’पासून ‘पुढं’पर्यंतचा एकच पट्टा तयार होतो. हेडफोन लावून तेवढं ऐकलं की उलगडा होतो: शेतकरी ‘चाळीत ठेवला’ म्हणाला होता. कांदाचाळ. यंत्राला जास्त परिचयाची ‘शाळा’ सापडली आणि तिनं चाळीची जागा घेतली. पहिली चूक आकड्यांनी सरळ पकडून दिली.

दुसरी चूक ‘साठ’मध्ये आहे. त्याचा आकडा 0.44, पण मागचे-पुढचे शब्द भक्कम असल्यामुळे ‘त्या वर्षी साठ क्विंटल कांदा’ या चौकटीची सरासरी 0.85 येते आणि नियम तिला सोडून देतो. ऐकल्यावर कळतं की शब्द ‘सात’ होता. गारपिटीच्या वर्षी जेमतेम सात क्विंटल निघाला, असं तो सांगत होता. नुकसानीची गोष्ट मजकुरात भरघोस पिकाची झाली. सात आणि साठ, वीस आणि तीस असे शब्द एका व्यंजनाच्या फरकावर उभे असतात आणि वाक्यात दोन्ही तितकेच शोभतात, त्यामुळे संदर्भ यंत्राच्या मदतीला येत नाही. म्हणून आकडेवारी, माणसांची आणि गावांची नावं, तारखा आणि रकमा यांना वेगळा नियम हवा: क्लिपमध्ये यातलं काहीही असेल, तर खात्रीचा आकडा न बघता तो शब्द ऐकायचा. ‘आम्ही वाईत राहायचो’ याचं ‘आम्ही वाईट राहायचो’ होणं शक्य आहे, आणि ‘वाईट’ इतका नेहमीचा शब्द आहे की यंत्र तो मोठ्या खात्रीनं लिहू शकतं.

तिसरी चूक सर्वांत घातक आहे आणि तिला कसलाही आकडा नाही. शेतकरी म्हणाला होता, ‘व्यापाऱ्याला दिला नाय.’ शेवटचं ‘नाय’ तोंडातल्या तोंडात गेलं, त्याच क्षणी मुलाखत घेणारा ‘अच्छा’ म्हणाला आणि यंत्रानं ते लिहिलंच नाही. मराठीत नकार बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतो: ‘घेतले नाहीत’, ‘सांगितलं नाही’, ‘जाऊ नये’. वाक्य संपताना आवाज उतरतो आणि समोरच्याला बोलायची घाईही तिथेच होते. म्हणजे ज्या शब्दावर संपूर्ण अर्थ टांगलेला, तोच सर्वांत हळू आणि सर्वांत झाकलेला. तो गळला की राहिलेलं वाक्य व्याकरणानं निर्दोष आणि अर्थानं नेमकं उलटं होतं.

न लिहिलेल्याचा माग

खात्रीचा आकडा लिहिलेल्या शब्दांनाच मिळतो. जे लिहिलंच नाही त्याच्या शंकेची नोंद कुठे होणार? इथे वेळेचे आकडे उपयोगी पडतात. आपल्या नमुन्यात ‘दिला’ या दोन अक्षरी शब्दाची सुरुवात आणि शेवट यांत 1.3 सेकंदांचं अंतर आहे. साध्या बोलण्यात एवढा शब्द अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. व्हिस्पर ध्वनीची वेळ लिहिलेल्या शब्दांतच वाटून टाकतं, म्हणून गाळलेल्या शब्दाची वेळ कित्येकदा शेजाऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि शेजारी ताणलेला दिसतो. काही वेळा ताण न दिसता दोन शब्दांत मोकळी फट दिसते. दोन्ही शोधायला सोपं आहे: एका सेकंदाहून लांब शब्द आणि पाऊण सेकंदाहून मोठी फट यांवर खूण करायची. त्यातल्या बऱ्याच जागी वक्ता नुसता थांबलेला किंवा शब्द लांबवलेला सापडेल. क्लिपपुरतं पाहायचं असल्यानं हा फुकटचा त्रास परवडतो.

नेमका उलटा प्रकारही असतो: कुणीच बोलत नसताना उगवलेली वाक्यं. शांततेत, संगीतावर किंवा लांबलेल्या विरामात व्हिस्पर कधीकधी स्वतःहून मजकूर लिहितं. व्हिडिओ पाहिल्याबद्दल आभार, चॅनल सबस्क्राइब करा, या छापाची वाक्यं तर कुप्रसिद्ध आहेत. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ध्वनितुकड्यांपैकी साधारण एक टक्का तुकड्यांत अशी निराधार वाक्यं आढळली, आणि ज्यांच्या बोलण्यात लांब विराम होते अशांच्या वाट्याला ती जास्त आली.

इथे `no_speech_prob` हा आकडा कामाचा. त्या अर्ध्या मिनिटात बोलणंच नसण्याची शक्यता तो सांगतो. तो 0.6च्या वर गेला की व्हिस्पर तो तुकडा रिकामा सोडतं असा समज आहे, पण प्रत्यक्षात त्याला आणखी एक अट आहे: मजकुराची सरासरी खात्रीही –1.0च्या खाली असली पाहिजे. पाठ झालेलं वाक्य यंत्र मोठ्या खात्रीनं लिहितं, त्यामुळे ती अट पुरी होत नाही आणि बनावट वाक्य फाइलमध्ये टिकून राहतं. सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या चुकीच्या उत्तरासारखा हा प्रकार. यावर उपाय म्हणजे हे दोन आकडे एकत्र न जोडता वेगळे पाहायचे: `no_speech_prob` जास्त असेल, तर खात्री कितीही चांगली असो, ओळीवर खूण करायचीच.

आणखी एक नोंद आयती मिळते, `temperature`. पहिला प्रयत्न फसला की व्हिस्पर हा आकडा शून्यावरून 0.2, 0.4 असा वाढवत पुन्हा प्रयत्न करतं, आणि वाढवलेल्या आकड्यावर ते थोडं नशिबावर सोडून शब्द निवडतं. फाइलमध्ये शून्याखेरीज दुसरा आकडा दिसला, की समजायचं इथे यंत्राला एका दमात जमलेलं नाही. तोच भाग पुन्हा चालवला तर मजकूर बदललेला मिळू शकतो. मराठीत मात्र आधी सांगितलेल्या दाबण्याच्या मोजमापामुळेही ही वेळ येते, म्हणून ही खूण ‘ऐका’ एवढंच सांगते.

मर्यादा कुठे आखायची?

वर 0.7 धरलं, ते नमुन्यापुरतं. हा आकडा कुणाकडून उसना घेता येत नाही. प्रणाली बदलली, मॉडेल बदललं, माइक बदलला, वक्ता बदलला की तोही बदलतो. निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे तर एकमेकांशी ताडूनही पाहता येत नाहीत. गूगलच्या सेवेत 0.0 आलं तर त्याचा अर्थ खात्री शून्य असा नसून आकडा दिलेलाच नाही असा असतो. ते माहीत नसलं तर आख्खी मुलाखत लाल रंगते.

स्वतःची मर्यादा काढायला एक संध्याकाळ पुरते. पाच शब्दांच्या चौकटी सरासरीनुसार तीन गटांत वाटायच्या: 0.85च्या वर, 0.7 ते 0.85, आणि 0.7च्या खाली. प्रत्येक गटातून कुठल्याही वीस उचलायच्या, ऐकायच्या आणि अर्थ बदलेल अशी चूक किती चौकटींत आहे ते मोजायचं. समजा वरच्या गटात वीसपैकी एक, मधल्यात चार आणि खालच्यात तेरा निघाल्या. मग 0.7ची रेषा रास्त आहे. खालचं सगळं ऐकायचं आणि मधल्या गटातलं क्लिपमध्ये येणार असेल तरच ऐकायचं. मधल्या गटातही दहा चुका निघाल्या, तर रेषा वर सरकवायची. वरच्या गटातही पाच-सहा निघाल्या, तर या रेकॉर्डिंगसाठी हे आकडे विश्वासाचे नाहीत असं समजून वेगळं मॉडेल वापरून बघावं, किंवा संपूर्ण ऐकावं.

तपासताना एक पथ्य पाळावं: मजकूर झाकून ऐकायचं. समोर ‘शाळेत’ लिहिलेलं असलं, की ‘चाळीत’ऐवजी कानालाही ‘शाळेत’च ऐकू येतं. आधी ऐका, मनात किंवा कागदावर लिहा, मग मजकूर उघडा. रंगवलेला पट्टा दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेकंद वाढवून ऐकावा, कारण जिथे शब्द चुकले तिथे त्यांच्या वेळाही सहसा सरकलेल्या असतात. क्लिपची कात्रीही याच कारणानं रंगवलेल्या पट्ट्यात चालवू नये. शब्दाच्या लिहिलेल्या वेळेवर काप घेतला तर ‘नाही’चं नुसतं ‘ना’ उरतं. ध्वनीच्या आलेखात विराम शोधून तिथे कापावं.

खूण केली म्हणजे बाद केली नाही

एवढं सगळं जमलं की एक मोह होतो: रंगवलेला भाग सरसकट वगळायचा आणि स्वच्छ ओळींतूनच क्लिप निवडायच्या. काम झटपट होतं, चुकाही टळतात. पण अशानं काय गळतं ते बघा. आकडे कुठे पडतात? वक्त्याचा कंठ दाटून येतो तिथे, हसता हसता बोलतो तिथे, मुलाखत घेणाऱ्याला तोडून तावातावानं बोलतो तिथे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या वाक्यांवर, कारण यंत्राचं शिक्षण मुख्यतः प्रमाण मराठीवर झालेलं. म्हाताऱ्या, हळू, दात पडलेल्या आवाजांवर. अमेरिकेत 2020 मध्ये झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या वक्त्यांचे शंभरातले सरासरी 19 शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीय वक्त्यांचे 35. बोलणाऱ्यांत दोष नव्हता. यंत्रानं त्यांचं बोलणं पुरेसं ऐकलेलं नव्हतं. कमी आकड्याचा भाग वगळायचा असं धोरण ठेवलं, तर हीच तफावत आपल्या क्लिपांत उतरते, आणि प्रमाण भाषेत एका सुरात बोलणारेच पडद्यावर उरतात.

शिवाय मजकूर बिघडला असेल, तर शोधूनही तो भाग सापडत नाही. आपल्या नमुन्यात कुणी ‘चाळ’ हा शब्द शोधला असता, तर ती जागा मिळालीच नसती. चुकीची क्लिप निवडली गेली, तर निदान कुणीतरी हटकतं. चांगली क्लिप मजकुरात ओळखू न आल्यामुळे राहून गेली, तर ते कुणाला कळतही नाही.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. ट्रान्सक्रिप्ट वाचायला घेण्याआधी आकड्यांवरून पट्टे रंगवून घ्यावेत. सगळ्यांत आधी ते रंगवलेले पट्टे ऐकावेत, मजकुरात काही आकर्षक दिसो वा न दिसो; 48 मिनिटांच्या मुलाखतीत ते सहा-सात मिनिटांचे निघाले, तर एवढा वेळ सहज देता येतो. ऐकताना मजकूर तिथल्या तिथे दुरुस्त करावा. त्यानंतर दुरुस्त झालेलं ट्रान्सक्रिप्ट वाचून क्लिप निवडाव्यात. निवडलेल्या प्रत्येक क्लिपमधले आकडे, नावं आणि वाक्यांची शेवटची क्रियापदं ऐकून घ्यावीत. निवडीच्या तक्त्यात प्रत्येक क्लिपपुढे टाइमकोडच्या जोडीला सर्वांत कमी खात्रीची चौकट किती होती आणि ती कुणी ऐकली, एवढं लिहिलं, की पुढच्या माणसाला पुन्हा सुरुवातीपासून शंका घ्यावी लागत नाही. आणि ज्या क्लिपपुढचा ‘कुणी ऐकली’ हा रकाना रिकामा आहे, ती बाहेर सोडू नये, मग तिचे आकडे कितीही चांगले असोत.